ताटाची डावी बाजू

बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "काकू, मीठ जरा कमी करा. वरून तर अजिबात घेऊ नका." वरून मीठ घ्यायची सवय मला कधीच नव्हती, त्यामुळे अर्धं काम आधीच झालंय अशी मी स्वतःची समजूत घातली. उरलेल्या अर्ध्यासाठी आमटी-भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. घरच्यांनी ती आमटी मुकाट्याने गिळली. अहोंनी एकदाच विचारलं, "आज कुणी आजारी आहे का?" पुढच्या तपासणीत बीपी मात्र होतं तिथेच. मग मिठाचा शोध सुरू झाला, आणि त्यात एकेक जे उमगत गेलं ते तसंच लिहिते आहे.

१. मीठ आमटीत नसतं, ताटाच्या डाव्या बाजूला असतं.

पान वाढायची आपली रीत ठरलेली. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. पापड-कुरडईही तिकडेच कुठेतरी टेकतात. मी सगळी काटकसर उजव्या बाजूला करत होते आणि डाव्या बाजूला हातही लावला नव्हता. उलट आमटी अळणी झाल्यावर लोणच्याची फोड एकाऐवजी दोन झाली होती, ती कधी झाली ते कळलंही नाही. माझी भाची आहारतज्ज्ञ आहे. तिने आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून ठेवायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं: पोळी, भाजी, वरण, भात, ताक. तिने वही चाळली आणि म्हणाली, "मावशी, लोणचं?" मी म्हटलं, "ते काय लिहायचं? ते तोंडी लावणं." ती हसली. तोंडी लावणं आपण जेवणात धरतच नाही. चहाबरोबरची खारी धरत नाही, चार वाजताची शेव धरत नाही, आणि विचारलं तर अगदी खरं वाटून सांगतो की मी मीठ फार कमी खाते.

२. माझ्या स्वतःच्या लोणच्यात किती मीठ असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

वैशाखात लोणचं घालण्यात माझी उमर गेली. जावा-नणंदा माझ्याकडून कृती लिहून नेतात. पण भाचीने "मीठ किती?" विचारल्यावर माझं उत्तर होतं, "सासूबाईंची वाटी." त्या वर्षी पहिल्यांदा ती वाटी काट्यावर ठेवली. शीग लावून भरलेली वाटी २०० ग्रॅम निघाली. कैरीच्या एक किलो फोडींना ही एक वाटी. मग मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ५०, मेथी-हळद-हिंग मिळून ५० आणि फोडणीचं तेल पाव किलो. सगळं मिळून बरणीत उतरतं ते साधारण १६५० ग्रॅम. म्हणजे लोणच्याचा आठवा हिस्सा नुसतं मीठ.

पुढचं गणित भाचीने नाही, मीच केलं. एक फोड, तिच्याभोवतीच्या खारासकट, चमच्याने उचलून काट्यावर ठेवली. १५ ग्रॅम. त्यात मीठ झालं १.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगते. सगळं धरून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. दुपारी एक फोड, रात्री एक फोड, की ३.६ ग्रॅम तिथेच संपले.

मला वाटायचं की लोणच्याचं तेल निथळून घेतलं की भागेल. पण मीठ तेलात विरघळत नाही. ते कैरीला सुटलेल्या पाण्यात उतरतं आणि तिथून फोडीत मुरतं. तेल निथळून मी उष्मांक वाचवत होते, मीठ जिथल्या तिथेच होतं. आणि भातावर जो खार आवडीने कालवतो, त्यात ते सगळ्यात मोकळं असतं. मुरलेलं लोणचं कच्च्यापेक्षा कमी खारट लागतं, कारण मीठ, आंबट, तिखट एकमेकांत मिसळतात. जिभेला कमी लागतं. बरणीतून मात्र मिठाचा एक कणही कुठे गेलेला नसतो.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. घरातल्या मिठाचा अंदाज घ्यायची एक सोपी रीत सांगतात: चार माणसांना महिन्याला किलोची एक पिशवी लागत असेल तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमांच्या वर जातं. मी हिशोब केला, आमचा त्याहून बराच कमी आला, आणि मी खूश झाले. पण लोणच्याचं खडेमीठ मी वर्षातून एकदा वेगळं आणते. पापडाचं पापडवाल्या बाई घालतात. शेवेचं कारखान्यात पडतं. यातलं काहीच त्या महिन्याच्या पिशवीत नव्हतं.

३. पापडात मीठ नसलेलंही सोडियम असतं.

बीपीला त्रास देतं ते मिठातलं सोडियम. मिठात वजनाने ते ४० टक्के असतं. एवढं समजल्यावर मला वाटलं विषय संपला, आणि मग पापडखार आठवला. उडदाच्या पापडाला तो लागतोच. त्याशिवाय पापड हलका फुलत नाही. हा खार म्हणजे सोडियमचेच कार्बोनेट-बायकार्बोनेट क्षार. चवीला खारट कमी, तुरट जास्त, म्हणून जीभ त्याची नोंदच घेत नाही.

आमच्या पापडवाल्या बाईंचं माप असं: एक किलो उडदाच्या पिठाला ७० ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम खार. त्यातून नव्वदच्या आसपास पापड निघतात. मीठ आणि खार यांचं मिळून सोडियम काढलं तर एका पापडाला ४०० मिलिग्रॅमच्या जवळ जातं, म्हणजे मिठाच्या हिशोबात एक ग्रॅम. त्यातला पाचवा हिस्सा तरी खाराचा. मी बरीच वर्षं पापड तळायचा सोडून भाजून खात होते आणि त्याचा मला सूक्ष्म अभिमानही होता. तेलाच्या दृष्टीने तो ठीकच आहे. सोडियमला तळणं काय आणि भाजणं काय, सारखंच. कुरडई, तांदळाच्या पापड्या, साबुदाण्याच्या फेण्या यांत खार असतो-नसतो, मीठ मात्र असतंच. आणि सांडगी मिरचीबद्दल न बोललेलं बरं, ती मीठ पोटात भरूनच वाळवलेली असते. खायचा सोडाही याच जातीचा. ढोकळा, भजी, नानकटाई यांत तो पडतो तेव्हा आपण त्याला मीठ म्हणून मोजत नाही.

४. खारट लागणं हे मिठाचं माप नाही.

हे पचायला मला सगळ्यात जड गेलं, कारण जिभेवर माझा फार विश्वास. वेफरवर मीठ वरून भुरभुरलेलं असतं. ते थेट जिभेला भिडतं आणि थोडं असून खूप वाटतं. पावात मीठ आत मळलेलं असतं, ते जाणवतच नाही. पाकिटांवरचे आकडे ताडून पाहिले तेव्हा दिसलं की पावाच्या दोन स्लाइसमध्ये वेफरच्या छोट्या पाकिटापेक्षा जास्त सोडियम निघू शकतं. वर खारं लोणी लावलं की आणखी. गोड बिस्किटातही सोडियम असतं, तिथे तर संशयही येत नाही.

पाकिटावर वाचायचं काय, ते एकदा कळलं की सोपं आहे. मागच्या बाजूला पोषणाचा तक्ता असतो, त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ते मीठ नव्हे. अडीचने गुणलं की मीठ येतं. आमच्या घरी येणाऱ्या शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८५० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे दोन ग्रॅमांहून थोडं जास्त मीठ. शेजारच्या रकान्यात एका वाढपाने दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भरतो ते असतं. तिथे १३ टक्के लिहिलेलं. वाचून बरं वाटतं. पण ते वाढप ३० ग्रॅमचं आहे. ३० ग्रॅम शेव काट्यावर घालून पाहिली. वाटीचा तळ झाकून थोडी वर आली. क्रिकेटचा सामना चालू असताना अहो आणि मी मिळून २०० ग्रॅमचं पाकीट सहज रिकामं करतो. त्या वेळी १३ टक्क्यांचे माणशी ४२ होतात.

झटपट नूडल्सच्या पाकिटात मिठाचा मोठा भाग मसाल्याच्या पुडीत असतो. तिथे निदान अर्धी पुडी बाजूला ठेवता येते. शेवेच्या बाबतीत ती सोय नाही.

सगळा दिवस एकदा मांडून पाहिला. लोणच्याच्या दोन फोडी ३.६ ग्रॅम, एक पापड १ ग्रॅम, चार वाजताची ४० ग्रॅम शेव ०.८५ ग्रॅम. बेरीज साडेपाचच्या जवळ. आमटी-भाजीत मिठाचा कणही न टाकता माझा दिवसाचा कोटा संपून वर उधारी झाली होती. आणि मी आमटीवर राग काढत होते.

५. रक्तातलं सोडियम नॉर्मल असणं म्हणजे मीठ कमी खाणं नव्हे.

आमच्या फिरायच्या गटात एक निवृत्त मास्तर आहेत. माझी लोणचेगाथा ऐकून ते म्हणाले, "माझं सोडियम १४० आलंय, एकदम नॉर्मल. मी खुशाल खातो." मलाही ते पटलं होतं. भाचीने समजावलं तेव्हा कोडं सुटलं. जास्त मीठ खाल्लं की शरीर रक्तातलं सोडियम वाढू देत नाही. तहान लागते, आपण पाणी पितो, मूत्रपिंडं ते पाणी धरून ठेवतात आणि प्रमाण पुन्हा १३५ ते १४५च्या मध्ये येऊन बसतं. प्रमाण तेच राहतं, पण नळीतून वाहणारं पाणी वाढलेलं असतं. ते वाढलेलं पाणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रेटतं. तेच आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो. निरोगी मूत्रपिंडं जादा सोडियम लघवीवाटे टाकून देतात. वय वाढलं, मूत्रपिंडं थकली किंवा आधीच बीपी असलं की ही फेक मंदावते. म्हणून त्याच ताटावर जेवून सुनेचं बीपी जागचं हलत नाही आणि माझं चढतं. मीठ किती खाल्लं हे खरोखर पाहायचं तर चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातलं सोडियम मोजावं लागतं. मास्तरांना मी हे सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून विषय बदलून गुडघ्यांवर नेला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लघवी वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्यांनी वयस्कर माणसांचं रक्तातलं सोडियम कधी कधी खरंच खाली जातं. मरगळ येते, गोंधळल्यासारखं होतं. अशा माणसाने कुणाचा लेख वाचून, माझा तर मुळीच नाही, परस्पर मीठ तोडू नये.

६. सैंधवाने काही साधत नाही.

लोणचं सोडवत नाही म्हणून मी आधी मीठच बदलून पाहिलं. सैंधव घेतलं, काळं मीठ घेतलं. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा, वास वेगळा, किंमत तर फारच वेगळी; सोडियम जवळपास तेवढंच. वर बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, ते नुकसान निराळं.

कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात मात्र तथ्य आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन भाग सोडियमचं आणि एक भाग पोटॅशियमचं असं मीठ वापरलं गेलं. २०२१ साली निष्कर्ष आले: पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. मी डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी आधी माझं क्रिएटिनिन पाहिलं, मग गोळीचं नाव पाहिलं आणि नको म्हणाले. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर हे मीठ हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकतं. माझी गोळी त्यातलीच निघाली.

७. लोणच्यातलं मीठ चवीपुरतं नसतंच.

मग सरळ लोणच्यातलं मीठच निम्मं करावं, हा विचार मनात आला आणि सासूबाईंची वाटी अर्धी भरायच्या आत थांबले. वर्षभर टिकणाऱ्या बरणीत मीठ राखणदाराचं काम करतं. फोडींतलं पाणी ते ओढून बाहेर काढतं आणि उरलेलं पाणी इतकं खारवतं की बुरशीला, नासवणाऱ्या जंतूंना त्यात जगता येत नाही. ते निम्म्यावर आणून बरणी फडताळात ठेवली तर थोड्याच दिवसांत वर पांढरा थर धरतो, फोडी मऊ पडतात, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. असं लोणचं वरचा थर काढूनही खाऊ नये. म्हणजे दोनच वाटा उरतात: टिकाऊ लोणचं हवं तर मीठ पुरतं हवं, आणि मीठ कमी हवं तर ते टिकण्याची अपेक्षा सोडायला हवी.

मी दुसरी वाट धरली. वर्षाची बरणी आता लहान घालते, सासूबाईंच्याच मापाने, आणि ती पाहुण्यांसाठी, प्रवासासाठी, तापातून उठलेल्या तोंडासाठी. रोजच्या पानात तक्कू असतो: कैरी किसून त्यात कांदा, गूळ, तिखट, मीठ चिमूटभर, वरून हिंग-मेथीची फोडणी. कैरी-गुळाचा मेथांबा असतो. कैरी नसेल तेव्हा लिंबू पिळलेली मिरची-आलं-ओल्या हळदीची कापं. हे सगळं फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांचंच. लोणच्यात मला हवा होता तो आंबट-तिखट झटका, आणि तो देताना मीठ फार थोडं लागतं, हे इतक्या वर्षांनी कळलं.

पहिले काही आठवडे सगळं फिकट लागलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग जीभ हळूहळू खाली उतरली. आता लग्नातल्या पंगतीत मसालेभाताचा पहिला घास खारट लागतो, आणि शेजारच्या पानावरची मंडळी मात्र मीठ मागत असतात. अहोंची जीभ अजून त्यांच्या बाजूला आहे. त्यांना त्यांची फोड वेगळी वाढते. बीपी माझं आहे.

८. आकडा उतरतो, पण गाजावाजा करावा इतका नाही.

मला वाटलं होतं, एवढं सोसल्यावर गोळी सुटेल. मीठ दिवसाला चारेक ग्रॅमांनी कमी केल्यावर ज्यांचं बीपी आधीच जास्त आहे त्यांचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून काढलेलं अनुमान आहे. पाच अंक. माझंही तेवढंच उतरलं, कधी सहा, कधी तीन. डॉक्टर म्हणाले, "काकू, हे पाच तुमच्या घरचे आहेत, फुकट आहेत, राहू देत. दुसरी गोळी वाढवायची होती, ती सध्या लांबवू."

पाच अंक कळायचे तर मोजणं नीट हवं, कारण जिना चढून आल्याआल्या मोजलं की तेवढा फरक आपोआप पडतो. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं. अर्धा तास आधी चहा नको. दंड छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, तोंड बंद. दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. घरी आकडा चांगला आला म्हणून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. वही डॉक्टरांना दाखवा, आणि तुमच्या घरच्या लोणच्यात मीठ किती पडतं तेही त्यांना सांगा. ते डॉक्टरांनी आपणहून विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.